माठाचा घाम

सुट्टीत साखरखेर्ड्याला मी मामांच्या हाताखाली माती तुडवतो. चाळलेल्या मातीत ते घोड्याची लीद आणि राख मिसळतात. भट्टीत लीद जळून जाते आणि तिच्या जागी बारीक छिद्रे उरतात. त्यांचे काम मला कळले, ते एका तक्रारीमुळे.

गेल्या वैशाखात एक गिऱ्हाईक माठ घेऊन परत आले. “हा पाझरतो. पैसे परत द्या, नाहीतर बाहेरून ऑईल पेंट लावून द्या!”

मामांनी माठावरून हात फिरवला. थेंब कुठेच टपकत नव्हता. अंगभर नुसती ओल होती. ते म्हणाले, “हा तडा नाही, घाम आहे. तो अडवला तर पाणी गार कसं होईल?”

मी शाळेतले गणित आठवले. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते आणि ती बरीचशी माठातूनच घेतली जाते. १० लिटर पाण्यातले १०० ग्रॅम उडाले, तर उरलेले सुमारे सहा अंशांनी निवेल. बाहेरची उष्णता आत शिरत असते, म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी.

“मग पावसाळ्यात का निवत नाही?” मी विचारले.

“तेव्हा हवाच ओली. घाम वाळणार कुठं?”

जुन्या माठाचेही तसेच. खाऱ्या पाण्यातले क्षार छिद्रांत बसतात आणि माठ कोरडा दिसू लागतो.

मामांनी रंग लावला नाही. “सावलीत, वाऱ्याला ठेवा,” एवढेच सांगितले. गिऱ्हाईक माठ घेऊन गेले. पुन्हा आले ते दुसरा मागायला.