‘दारू पिऊन पडला’ असं लिहिण्याआधी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका मोठ्या शेतावर फवारणी करताना आपला एक मजूर भाऊ पडला. दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा शेतावरच्या दिवाणजींनी मालकासाठी लिहिलेला अहवाल आम्हाला दाखवला. दोनच वाक्यं होती : ‘कपाशीचे औषध मारताना मजुरास चक्कर आली. दारू प्यालेला असावा, हातमोजे घातले नव्हते.’

दिवाणजी वाईट माणूस नाही. त्यांनीच गाडी बोलावली होती. पण आपल्या वस्तीतला माणूस लडखडला की दारू आठवते, ही जुनी सवय त्यांच्याही हाताला आहे.

या दोन वाक्यांची किंमत मजुराला मोजावी लागते. नुकसानभरपाईच्या कायद्यात, इजा थेट दारूच्या अमलामुळे झाली किंवा मजुराने दिलेलं संरक्षण साधन जाणूनबुजून वापरलं नाही, असं ठरलं तर मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व सोडून इतर इजांत मालक सुटू शकतो. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना शेतकऱ्यासाठी आहे. सातबारा नसलेल्या मजुराला ती नाही. मग उरतो हा कागदच.

आम्ही दिवाणजींसोबत बसून तो पुन्हा लिहिला. आधी डबा मागवला. ‘कपाशीचे औषध’ म्हणजे प्रोफेनोफॉस ४० टक्के आणि सायपरमेथ्रिन ४ टक्के. दुकानातलं नाव कंपनीगणिक बदलतं, डॉक्टरला हे घटक हवे असतात. म्हणून डब्यावरचा बॅच क्रमांकही उतरवला. मग वेळा लिहिल्या : सकाळी ८ ला सुरुवात, पाठीवरचा पंप गळका, कपाशी छातीपर्यंत, दुपारी दीडला उलटी. पुढे घाम, तोंडातून लाळ, दंडाचं मांस फडफडणं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. लडखडणं आणि उलटी दारूनेही होते. पण टाचणीएवढ्या बाहुल्या, लाळ आणि फडफड एकत्र दिसली तर प्रोफेनोफॉसच्या जातीचं विष ओळखावं.

“हातमोजे घातले नव्हते” खोडून आम्ही “हातमोजे दिले नव्हते” लिहायला सांगितलं. दिवाणजी थांबले. म्हणाले, “मालक काय म्हणतील?” आम्ही विचारलं, “दिले होते का?” त्यांनी खोडलं.

उपचारही लिहिले : कपडे काढून साबणाने अंघोळ, प्राथमिक आरोग्य केंद्रात अ‍ॅट्रोपिन, १०८ ने जिल्ह्याच्या दवाखान्यात. दुसऱ्या दिवशी बरं वाटतंय म्हणून मालक त्याला घरी न्यायला निघाले होते. डॉक्टरांनी अडवलं. या विषात पहिल्या ते चौथ्या दिवसात मान उचलता येईनाशी होऊ शकते, मग श्वास अडू शकतो; तोवर नजरेखाली ठेवावंच लागतं. तेही अहवालात तारखेसह घातलं.

२०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. त्यांच्यापैकी किती जणांच्या कागदावर फक्त ‘चक्कर’ लिहिलं गेलं असेल, हा प्रश्न आम्हाला सुटत नाही.

दिवाणजींनी सही केली. झेरॉक्स वहिनींकडे आहे, दुसरी आमच्याकडे. मालकाची सही अजून व्हायची आहे.