दहा वर्षांनंतरचा निरोप

या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांचे पत्ते व दूरध्वनी जमविण्याचे काम आमच्याकडे आले. 1985 च्या दहावीच्या यादीत एका नावापाशी आमचा हात थांबला. चिकलठाण्याच्या या वसतिगृहात ज्याच्या शेजारी पाच वर्षे सतरंजी अंथरली आणि विमान उतरण्याचा आवाज येताच ज्याच्यासोबत पुस्तक टाकून अंगणात धावलो, तो हा मित्र. गेली दहा वर्षे दोघांत एक शब्दही झाला नव्हता. भांडण मुळीच नव्हते. त्याच्या मातोश्रींचे निधन झाल्याचे आम्हाला दोन महिन्यांनी कळले. आता कोणत्या तोंडाने फोन करावा, म्हणून आठवडाभर थांबलो. आठवड्याचा महिना झाला, महिन्याचे वर्ष झाले.

त्या रात्री आम्ही पहिला मजकूर लिहिला. त्यात तीनदा क्षमा मागितली होती; बदली, आजारपण, दहावीचे जादा तास अशी कारणे क्रमाने दिली होती. सकाळी वाचून पाहिले, तर तो कार्यालयाला द्यावयाचा खुलासा वाटला. तो वाचून मित्राला एक तर आम्हाला माफ करावे लागले असते, नाही तर आमचीच समजूत घालावी लागली असती. आई त्याची गेली होती आणि पत्रभर दुःख मात्र आमचे होते. आम्ही तो मजकूर पुसला.

दुसऱ्या खेपेस थट्टेने सुरुवात केली: ‘ओळखलेस का? की विसरलास?’ परंतु ही थट्टा नव्हे, परीक्षा होती. शिवाय विसरल्याचा आरोप त्याच्यावर, आणि गप्प बसलो आम्ही! मग वाटले, 14 एप्रिलला शुभेच्छांचे चित्र पाठवावे. पण त्या दिवशी प्रत्येकाकडे अशी शेकडो चित्रे येतात. त्याने उलट हात जोडल्याचे चिन्ह पाठविले असते आणि गोष्ट तिथेच संपली असती.

आणखी एक मोह आवरावा लागला. स्मरणिकेसाठी त्याचा लेख हवाच होता. तो त्याच निरोपात मागितला असता, तर काम निघाले म्हणून आठवण झाली, असे त्याला वाटले असते आणि त्यात चूक काहीच नव्हती. म्हणून लेखाचा विषय बाजूला ठेवला.

क्रमांकाचीही खात्री करणे भाग होते. बंद पडलेला मोबाइल क्रमांक किमान 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. आमच्या डायरीतील क्रमांक तर दहा वर्षांपूर्वीचा होता. वर्गातील दुसऱ्या एका मित्राकडून नवा क्रमांक घेतला. तरीही पहिल्याच ओळीत आपली ओळख द्यायची, असे ठरविले. आपण कोण, हे समोरच्याला शोधावे लागू नये. अखेर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविलेला निरोप असा होता:

‘जय भीम मित्रा. मी, 85 च्या दहावीतला, खिडकीजवळ तुझ्या शेजारी झोपणारा. आज घरी धपाटे केले आणि तुझ्या आईची आठवण झाली. रविवारी भेटीला येताना ती फडक्यात बांधून आणायची आणि पहिला माझ्या हातावर ठेवायची. ती गेली तेव्हा मी आलो नाही, याची खंत आहे. त्या धपाट्यांत ती तीळ घालायची की ओवा? आमच्या घरी यावरून वाद चालला आहे. सवडीने सांग.’

खंत एकाच वाक्यात ठेवली, तिला कारण जोडले नाही. शेवटी प्रश्न ठेवला, तो असा की उत्तर फक्त त्यालाच ठाऊक असावे आणि ते एका शब्दातही देता यावे. खंतीविषयी बोलायचे नसेल, तर तो धपाट्यांविषयी बोलू शकत होता.

दोन राखाडी खुणा दिसल्या. त्या निळ्या झाल्या नाहीत. वाचल्याची खूण कित्येक जण बंदच ठेवतात, हे ठाऊक असूनही मन चुटपुटले. ‘मिळाला का?’ असे विचारण्यासाठी दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. ‘सवडीने’ असे आम्हीच लिहिले होते.

तिसऱ्या दिवशी उत्तर आले: ‘दोन्ही. आणि तू चार खायचास, त्यातले दोन माझे असायचे. रविवारी फोन करतो.’

रविवारी तो आईच्या अखेरच्या दिवसांविषयी बराच वेळ बोलला. आम्ही ऐकत होतो. मधल्या दहा वर्षांचा हिशेब त्याने मागितला नाही, आम्हीही मांडला नाही. फोन ठेवण्यापूर्वी त्यानेच विचारले, ‘शाळेची स्मरणिका निघते आहे म्हणे. लेख कधीपर्यंत द्यायचा?’