दहा रुपयांचा पत्ता

आमचे काका मागच्या माघात गेले. दिंडोशीतला त्यांचा फ्लॅट मावशीच्या नावे व्हायचा होता. नामनिर्देशन तिच्याच नावाचे होते, तेव्हा अडचण ती कसली? सोसायटीच्या उपविधींप्रमाणे नामनिर्देशित माणसाने सभासदाच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा, एवढेच. मावशी सांगलीला राहते. तिने अर्ज लिहिला, पाकिटावर सोसायटीचे नाव आणि इमारतीचा पत्ता घातला आणि पाठवून दिला. चैत्रात पाकीट परत आले. इमारत जागेवर नव्हती. पुनर्विकासासाठी ती वर्षापूर्वीच पाडली गेली होती.

"तू तिथेच राहतेस ना गं? जरा चौकशी कर," मावशी फोनवर म्हणाली.

राहते खरी. कॉलेजात मराठी शिकवते आणि दिंडोशीत राहते, तेव्हा दोन्ही विषयांतले मला कळत असावे असा नातेवाइकांचा समज आहे. मी जाऊन पाहिले. निळ्या पत्र्यांचे कुंपण, आत एक क्रेन, दाराशी एक पहारेकरी. सोसायटीचे नाव घेतल्यावर तो माझ्याकडे असा बघू लागला, जणू मी त्याला एखाद्या कादंबरीतल्या पात्राचा पत्ता विचारते आहे. विकसकाच्या कचेरीत फोन केला, तर "सोसायटीशी बोला" एवढे उत्तर मिळाले. आता सोसायटी कुठे आहे हेच तर मला विचारायचे होते!

तेव्हा कोणीतरी सुचवले, की सहकार खात्याची यादी बघा. प्रत्येक सहकारी संस्थेला एक नोंदलेला पत्ता असावाच लागतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 37 मध्ये तसे स्पष्ट म्हटले आहे. सर्व नोटिसा व पत्रे त्या पत्त्यावर पाठवता येतात आणि पत्ता बदलला तर तीस दिवसांत निबंधकाला लेखी कळवावे लागते. इमारत पडली तरी संस्था पडत नाही. तिचा नोंदणी क्रमांक तोच राहतो.

मी संगणकावर यादी उघडली. मालाड-गोरेगाव हा महापालिकेचा पी विभाग, म्हणून पी विभागाच्या उपनिबंधकांची यादी घेतली आणि नाव शोधू लागले. नाव देवाचे. आमच्याकडच्या सोसायट्यांना नावे ठेवताना लोकांची कल्पनाशक्ती देव, फुले आणि नद्या यांपलीकडे जात नाही, त्यामुळे त्याच नावाच्या तीन संस्था निघाल्या. एकीचा पत्ता 'मौजे दिंडोशी, तालुका बोरिवली' असा होता. मौजे! माझ्या घरासमोर रिक्षांची रांग लागते, पण जमिनीच्या दप्तरी दिंडोशी अजून गावच आहे. पुढे नगर भूमापन क्रमांक. म्हटले, हीच ती. पाकीट त्या पत्त्यावर गेले.

आठ दिवसांनी एका सद्गृहस्थांचा फोन आला. "बाई, या नावाचे कोणी आमच्याकडे राहतच नव्हते हो. आणि आमचे सगळे सभासद देवाच्या दयेने सुखरूप आहेत." मी क्षमा मागितली. वैशाख संपत आला होता.

खरे तर उत्तर मावशीच्या कपाटात होते. भाग दाखल्यावर, म्हणजे शेअर सर्टिफिकेटवर, संस्थेचा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. तिच्याकडून त्याचा फोटो मागवला. क्रमांकाची सुरुवात अशी होती: `MUM/MHADB/HSG/TC`. त्यापुढे आकडा आणि साल. टी.सी. म्हटल्यावर मला आधी रेल्वेतला तिकीट तपासनीस आठवला आणि मग शाळा सोडल्याचा दाखला. इथे त्याचा अर्थ 'भाडेकरू सहभागीदारी' असा आहे, आणि हा गृहनिर्माण संस्थांचा एक प्रकार आहे. `HSG` म्हणजे गृहनिर्माण. पण आमच्या दृष्टीने सगळे रहस्य दुसऱ्या खान्यात होते. तिथे `WP` असते तर संस्था पी विभागाची. तिथे होते `MHADB`, म्हणजे म्हाडाचे मुंबई मंडळ. म्हाडाच्या वसाहतींतल्या संस्थांना वेगळे उपनिबंधक आहेत, आणि झोपडपट्टी पुनर्वसनातल्या संस्थांच्या क्रमांकात त्याच जागी `SRA` येते; त्यांचे निबंधक आणखी निराळे. एकाच दिंडोशीत, हाकेच्या अंतरावरच्या तीन इमारती तीन वेगळ्या याद्यांत असू शकतात. मी चुकीच्या यादीत बरोबर नाव शोधत होते. जुन्या दाखल्यांवर आरंभी `MUM` ऐवजी `BOM` दिसते, तेही शोधताना ध्यानात ठेवावे लागते.

दुसरा धडा असा, की नावाने शोधूच नये. यादीत कोणी 'को-ऑप. हौ. सो. लि.' लिहितो, कोणी 'सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित'. 'श्री' कुठे जोडलेले, कुठे तोडलेले, कुठे गाळलेले. शुद्धलेखनावर आयुष्य काढलेल्या माझ्यासारखीने तर तिथे फार वेळ थांबू नये. क्रमांकातला नुसता आकडा घातला आणि म्हाडाच्या यादीत ती ओळ पटकन सापडली. नाव तेच, साल तेच. पत्ता मात्र इमारत क्रमांकासह, पाडलेल्या इमारतीचाच!

आता मात्र मला रडू यायचे बाकी राहिले. पण यादी म्हणजे दप्तर नव्हे. ती दप्तरावरून कधीतरी करून ठेवलेली नक्कल असते. सोसायटीने पत्ताबदल कळवला असेल, तर तो कागद फायलीत असणार. फाइल वांद्रे पूर्वेला, कलानगरच्या गृहनिर्माण भवनात. मी माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला आणि त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. सहकारी संस्था स्वतः या कायद्याखाली सहसा येत नाहीत, पण निबंधकाकडे असलेली माहिती मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये केरळच्या थलप्पलम् बँकेच्या खटल्यात तसे सांगितले आहे. अर्जात दोनच गोष्टी मागितल्या: या नोंदणी क्रमांकाच्या संस्थेचा आज नोंदलेला पत्ता, आणि कलम 37 खाली पत्ताबदलाची सूचना आली असल्यास तिची प्रत. संस्थेचे नाव दुसऱ्या ओळीत टाकले, क्रमांक पहिल्या.

अर्ज देऊन परतताना त्याच परिसरातला अनंत काणेकर मार्ग लागला. झोपडपट्टी पुनर्वसनाची कचेरी याच रस्त्यावर. ज्यांचे लघुनिबंध मी दरवर्षी मुलांना शिकवते, त्यांच्या नावाच्या रस्त्यावर माणसे हातात फायली घेऊन आपापल्या घराचा शोध घेत उभी होती. मी तिथे उगाचच चहा घेतला.

आषाढात उत्तर आले. पत्ताबदलाची सूचना फायलीत होती, सचिवांच्या सहीची आणि शिक्क्याची: इमारत पाडण्याआधीच संस्थेचे कार्यालय त्याच वसाहतीतल्या एका इमारतीत, तळमजल्यावरच्या खोलीत हलवले होते. माझ्या घरापासून चालत बारा मिनिटे. त्याच संध्याकाळी छत्री घेऊन गेले. दारावर पाटी होती. नाव, नोंदणी क्रमांक आणि नोंदलेला पत्ता अशी पाटी लावणे आदर्श उपविधींतच सांगितले आहे. पाटीवरचा आकडा मी दाखल्याच्या फोटोशी एकेक अंक ताडून पाहिला. दोनदा. वैशाखातले ते सद्गृहस्थ अजून डोळ्यांसमोर होते.

खोलीला कुलूप होते, पण आता मला त्याचे काही वाटले नाही. मावशीचा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि भाग दाखल्याची प्रत असे सगळे पाकीट पोचपावतीसह स्पीड पोस्टाने त्या पत्त्यावर पाठवले, आणि एक प्रत दुसऱ्या दिवशी सचिवांच्या हाती देऊन तिच्यावर शिक्का घेतला. शिक्क्यावर तारीख पडली तेव्हा सहा महिने भरायला नऊ दिवस उरले होते.

"काकांना आम्ही फार शोधले हो," सचिव म्हणाले. "सभेच्या नोटिसा पाठवत होतो. परत यायच्या. त्यांचा सांगलीचा पत्ता आमच्याकडे नव्हता."

मी तो लिहून दिला, पिनकोडासकट.