एका परिच्छेदाची शहानिशा

सोलापूर

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचा मसुदा पोहोचला. 1930 च्या मे महिन्यातील सोलापूर हा विषय आपल्या गावाचाच असल्यामुळे तो मी एका बैठकीत वाचून काढला. सोबतचा साम्य-तपासणीचा अहवालही पाहिला. त्यातील आकडा दहा टक्क्यांच्या आत आल्यामुळे तू निर्धास्त झाला आहेस, हे तुझ्या पत्राच्या सुरावरून कळले; परंतु तेवढ्यावरून निर्धास्त व्हावे, असे मला वाटत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही, आणि सर्वज्ञात मजकुराचे किंवा योगायोगाने जुळलेले सलग 14 शब्दांपर्यंतचे साम्य हिशेबात धरत नाहीत. ही सवलत रास्तच आहे, कारण ती नसती तर ‘मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांनी’ एवढे लिहिणेही अभ्यासकाला अवघड झाले असते. मात्र तीन ग्रंथांतून पाच-पाच, सात-सात शब्दांचे तुकडे उचलून जो परिच्छेद बेमालूम सांधलेला असतो, तो या मोजणीतून अलगद सुटतो. शिवाय यंत्र आपल्या साठ्यात असलेल्या मजकुराशीच ताडून पाहते, आणि तू वापरलेल्या जुन्या मराठी स्मरणिका त्या साठ्यात असण्याचा संभव थोडाच. सबब अहवालातील आकडा हा निर्दोषत्वाचा दाखला नव्हे.

तुझा परिच्छेद तूर्त बाजूला ठेवून मी केवळ नमुन्यादाखल तीन वाक्ये रचतो. ती कोणत्याही ग्रंथातील नाहीत. पहिले सरकारी अहवालाच्या धाटणीचे: ‘गांधींच्या अटकेची वार्ता पोहोचताच गिरणी-कामगारांनी काम बंद पाडले व जमाव अनावर झाला.’ दुसरे एखाद्या वृद्धाच्या आठवणींतले: ‘गोळीबारात माणसे पडलेली पाहून पेटून उठलेल्या लोकांनी पोलीस चौकीला आग लावली.’ तिसरे गौरवपर स्मरणिकेतले: ‘जनतेने काही दिवस स्वतःचेच राज्य चालविले आणि हादरलेल्या सरकारने लष्करी कायदा पुकारला.’

आता या तिहींतून तुझ्या पद्धतीने झालेला परिच्छेद पाहा: ‘गांधीजींच्या अटकेची बातमी येताच कामगारांनी काम बंद पाडले, जमाव अनावर झाला आणि पेटून उठलेल्या लोकांनी पोलीस चौकी जाळली, जनतेने काही दिवस स्वतःचेच राज्य चालविल्यामुळे सरकारने लष्करी कायदा पुकारला.’ आणि परिच्छेदाच्या अखेरीस स्मरणिकेची एकच तळटीप.

यात सलग चौदा शब्द कोठेही एका साधनाचे नाहीत. ‘वार्ते’ची ‘बातमी’ झाली आहे आणि ‘आग लावली’चे ‘जाळली’ झाले आहे. तथापि घटनांचा क्रम, वाक्याचा सांगाडा आणि सारी ठसठशीत विशेषणे परकी आहेत, आणि तळटीप एकच असल्यामुळे वाचकाने हा सर्व मजकूर स्मरणिकेचा समजावा की आधीचा भाग तुझ्या स्वतःच्या संशोधनाचा समजावा, याचा उलगडा होत नाही. दोन्ही समजुती चुकीच्याच ठरतील.

परंतु याहून मोठी हानी पुराव्याची झाली आहे, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिचीच धास्ती अधिक बाळगावी. ‘जमाव अनावर झाला’ हा राज्यकर्त्यांचा निवाडा आहे, ‘पेटून उठलेले लोक’ ही प्रत्यक्षदर्शीची जबानी आहे, आणि ‘स्वतःचेच राज्य’ हा पुढील पिढीचा अभिमान आहे. तुझ्या वाक्यात हे तिघे साक्षीदार एकाच तोंडाने बोलू लागले. गोळीबाराचा उल्लेख सांधताना गळाल्याने चौकी निष्कारण जळाल्यासारखी झाली, आणि ‘मुळे’ या अव्ययाने जो कार्यकारणभाव प्रस्थापित केला तो तर तिन्ही साधनांपैकी एकाचाही नाही. कोणीही न केलेले विधान अशा रीतीने तीन साधनांच्या पुण्याईवर प्रबंधात रुजू होते. जोड ओळखण्याची खूणही यातच आहे: एकाच परिच्छेदात सरकारी दप्तरातला ‘जमाव’ आणि स्मरणिकेतली ‘जनता’ शेजारी नांदू लागली की परीक्षकाने पुस्तके मागवावीत.

उपाय लेखनाच्या आधी, टिपणांपासूनच सुरू होतो. प्रत्येक साधनासाठी वेगळा कागद घ्यावा. जसेच्या तसे उतरलेले शब्द अवतरणचिन्हांत, पृष्ठांकासह. स्वतःच्या शब्दांतील आशय त्याखाली. आणि स्वतःचा तर्क समासात, निराळ्या शाईने. बहुतेकांचा घोटाळा येथेच होतो, कारण सहा महिन्यांनी टिपणवही उघडली असता ते वाक्य आपण रचले होते की उतरले होते, हे कोणालाच सांगता येत नाही. परिच्छेद लिहिताना मात्र पुस्तके आणि कागद दोन्ही मिटवून, या परिच्छेदाने कोणत्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे आहे तो प्रश्न समोर ठेवून लिहावे, आणि मग साधनांशी पदोपदी ताडावे. तारखा, विशेषनामे, ‘लष्करी कायदा’ यांसारख्या संज्ञा कोणाच्या मालकीच्या नाहीत. त्यांना चिन्हे लावीत बसू नये. विशेषण, निवाडा, उपमा आणि मांडणीचा क्रम मात्र ज्याचा त्याचा असतो. तो अवतरणात घ्यावा किंवा टाकून द्यावा, केवळ प्रतिशब्द घालून तो आपला होत नाही. तळटीप साधन बदलते तेथे द्यावी, परिच्छेद संपतो तेथे नव्हे.

या रीतीने तोच मजकूर असा होईल: ‘8 मेचा गोळीबार आणि 12 मेपासूनचा लष्करी कायदा यांविषयी वाद नाही; वाद आहे तो मधल्या दिवसांचा अर्थ लावण्याविषयी. सरकारी अहवालाच्या लेखी शहरात “अनावर” जमाव होता. स्मरणिका त्याच लोकांच्या कारभाराला “स्वतःचेच राज्य” म्हणते. चौकीच्या जळिताचा संबंध गोळीबाराशी जोडणारी साक्ष आठवणींत मिळते, आणि अहवाल त्या गोळीबाराविषयी मौन बाळगतो, हे येथे लक्षात घ्यावे लागते.’ तिन्ही ठिकाणी स्वतंत्र तळटीप. शेवटले निरीक्षण कोणत्याही पुस्तकात नव्हते. ते तुझे आहे, आणि परीक्षकालाही ते तुझे म्हणून दिसेल.

अनेक ग्रंथांतून एक ग्रंथ करणे हा काही अपराध नव्हे. आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरी, इ. स. 1790 च्या सुमारास काशीनाथ उपाध्यायांनी ‘धर्मसिंधु’ रचला तो पूर्वीच्या निबंधग्रंथांच्या आधारावरच. पण आरंभीच त्यांनी खुलासा केला की आपण पूर्वसूरींचे ग्रंथ पाहिले, क्रम कमलाकरभट्टांच्या ‘निर्णयसिंधू’चा घेतला, मूळ वचने बहुधा गाळली आणि निष्कर्ष तेवढे सामान्य वाचकासाठी मांडले. शब्द कोणाचे, क्रम कोणाचा, गाळले काय, हे तिन्ही त्यांनी सांगून टाकले. आणि पुढेही जेथे मतभेद आला तेथे हे मत कोणत्या ग्रंथातले, ते नाव घेऊन नोंदविले. आजच्या तळटिपेच्या शिस्तीस एवढे पुरेसे होणार नाही, हे खरे; प्रबंधात प्रस्तावनेतील एका ऋणनिर्देशावर चाळीस पृष्ठे उभी करता येत नाहीत. तुझ्या प्रस्तावनेत तसा एक निर्देश आहे, म्हणून मुद्दाम लिहिले.

मसुद्याच्या ज्या परिच्छेदांत मला असे जोड दिसले त्यांच्या समासात पेन्सिलीने रेघ ओढून तो परत पाठवीत आहे. चौघा हुतात्म्यांच्या फाशीचा भाग, 12 जानेवारी 1931 चा, तू आपल्या शब्दांत लिहिला आहेस आणि तो उत्तम उतरला आहे. त्याला हात लावू नकोस. बाकीच्यांपैकी मंगळवार पेठेचा परिच्छेद आधी घे आणि त्याची मूळ टिपणे जशी आहेत तशी, सुवाच्य नसली तरी, मजकडे पाठव.

तुझा,
मामा