घसा धरला की घसा सुजला?

गेल्या वैशाखात अलिबागला आमच्या घरी साखरपुडा होता. जेवणे आटोपत आली होती. पेणहून आलेल्या माझ्या पुतण्याने पिस्ता बर्फीचा एक तुकडा तोंडात टाकला आणि पाच-सात मिनिटांतच तो म्हणाला, “काका, टाळूला खाज सुटली आहे. घशात काहीतरी चुणचुणतंय.” घसा धरला असेल, असे सर्वांनाच वाटले. सौभाग्यवतींनी मीठ-हळदीचे पाणी गुळण्यांसाठी चुलीवर ठेवले, तर मी माझ्या मागील दुखण्यातून उरलेली अँटिबायोटिकची गोळी शोधू लागलो. हेतू दोघांचाही चांगला होता. समज मात्र दोघांचाही चुकीचा होता.

तेवढ्यात त्याचे ओठ जाड दिसू लागले, मानेवर गांधी उठल्या आणि आवाज घोगरा झाला. त्याला थुंकीही गिळवेना. सुदैवाने डॉक्टरांचा दवाखाना गल्लीच्या टोकालाच होता. त्यांनी दोनच प्रश्न विचारले : खाऊन किती वेळ झाला, आणि ताप आहे का? लगेच त्याला आडवे निजवून मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत अर्धा मिलिग्रॅम अॅड्रेनालिन टोचले. पंधरा-वीस मिनिटांत आवाज मोकळा होऊ लागला. तरीही त्यांनी त्याला रुग्णालयात रात्रभर देखरेखीखाली ठेवावयास लावले, कारण उतरलेली सूज काही तासांनी पुन्हा उलटू शकते.

त्या दोन प्रश्नांचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी समजला. बँकेत आम्ही नोंदीची रक्कम पाहण्याआधी तारीख पाहत असू. येथेही वेळच खरी साक्ष देते. संसर्गात जंतूंना वाढण्यास अवधी लागतो. त्यामुळे घसा एक-दोन दिवसांत हळूहळू दुखू लागतो, गिळताना कळ येते, बहुधा ताप असतो आणि जबड्याखालच्या गाठी दुखऱ्या होतात. अॅलर्जीत मात्र शरीर आधीच सज्ज असते. पूर्वीच्या संपर्कातून तयार झालेली प्रतिद्रव्ये पेशींवर बसून असतात. तो पदार्थ पुन्हा पोटात गेला की त्या पेशी हिस्टामिन आणि तत्सम द्रव्ये सोडतात. म्हणून त्रास काही मिनिटांत, फार तर बहुधा दोन तासांत सुरू होतो. ताप नसतो, दुखण्यापेक्षा खाज आणि चुणचुण अधिक असते, आणि घशासोबत त्वचा, पोट किंवा श्वासही तक्रार करू लागतो.

पुतण्याला मग आठवले की दोन वर्षांपूर्वी दिवाळीत काजू कतली खाल्ल्यावर त्याची जीभ अशीच चुणचुणली होती आणि तासाभरात थांबली होती. काजू आणि पिस्ता वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने अगदी जवळचे भाऊबंद. एकाची अॅलर्जी असणाऱ्यास बहुधा दुसऱ्याचीही असते. पहिला त्रास सौम्य होता म्हणून पुढचाही सौम्यच असेल, याची हमी नसते. आपल्या घरांत तर अधिकच सावध राहावे लागते. कांदा-लसणाविना केलेल्या भाज्यांच्या रश्शाला दाटपणा यावा म्हणून कित्येक आचारी काजूची पेस्ट घालतात, आणि ती ताटात डोळ्यांना दिसत नाही. आता पुतण्या पंगतीत बसण्याआधी आचाऱ्याला विचारतो.

औषधांच्या बाबतीत गोंधळ आणखी वाढतो. समजा, घसा खरोखरच संसर्गाने दुखत आहे, आणि वेदनाशामक किंवा अँटिबायोटिक घेतल्यावर अर्ध्या तासात ओठ सुजले, अंगाला खाज सुटली. अशा वेळी ‘आजार वाढला’ असे समजून दुसरी गोळी घेणे घातक ठरते. औषध थांबवून त्याचे नाव लिहून ठेवावे आणि प्रत्येक डॉक्टरांना सांगावे. त्या दिवशी माझी उरलेली गोळी दिली असती, तर सूज तर उतरली नसतीच. उलट दोष पिस्त्याचा की गोळीचा, हेही कळले नसते.

सेटिरिझिनसारखी गोळी खाज आणि गांधी कमी करते, परंतु सुजलेली श्वासाची वाट ती मोकळी करत नाही. ते काम अॅड्रेनालिनचेच. म्हणून आवाज बदलला, थुंकी गिळवेना, श्वास अडला किंवा भोवळ आली, तर गुळण्या आणि घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकास फोन करावा किंवा जवळचा दवाखाना गाठावा. रुग्णास चालवू नये. आडवे ठेवावे, धाप लागत असेल तर बसवावे.

चुलीवरचे ते हळदीचे पाणी त्या रात्री तसेच राहिले. पुतण्या आता खिशात एक चिठ्ठी बाळगतो : “काजू, पिस्ता वर्ज्य.” आमच्या घरच्या बर्फीत हल्ली खोबरे असते.