सीताफळाच्या डोंगरातून वायतुऱ्याच्या पठारावर

बीड सोडून मांजरसुंब्याचा घाट चढायला लागलं की सीताफळाची झाडं दोन्ही बाजूंनी गाडीला साथ देतात. सप्टेंबर अर्धा सरला होता आणि काही फळांचे डोळे उघडायला लागले होते. चालकाने त्यांच्याकडे बघत विचारलं, "सर, आपल्या बालाघाटावर येवढं सगळं उगवतंय, मग फुलं बघायला साताऱ्याला कशाला चाललो आपण?"

प्रश्न रास्त होता. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि माझ्या मते चवीत त्याला तोड नाही. पण झाड मूळचं अमेरिकेतलं. इथली मुरमाड जमीन आणि कोरडी हवा त्याला इतकी मानवली की माणसाने न लावताही ते डोंगरभर पसरलं. जे आपल्या डोंगराची ओळख झालं, ते अर्ध्या जगात सापडतं. मी ज्याच्या शोधात निघालो होतो त्याची गत याच्या नेमकी उलटी होती.

जामखेडच्या अलीकडे सौताड्याला थांबलो. विंचरणा नदी तिथे कड्यावरून दरीत झेपावते आणि खाली रामेश्वराचं देऊळ आहे. कड्याच्या काठाने फिरताना तरवड, बोर, धावडा, कुसळी ही ओळखीची मंडळी भेटली. यातली एकही जात बीडची असं म्हणता येत नाही. तरवड थेट तमिळनाडू-श्रीलंकेपर्यंत पिवळा फुललेला दिसतो. इथे वर्षाला साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मनात असेल तर. पण अशीच कोरडी हवा दख्खनभर सलग आहे. इथल्या झाडाचं बी वाऱ्याने, पाखराने किंवा शेळीने दहा कोस पुढे नेलं तरी त्याला तीच जमीन आणि तेच ऊन मिळतं. वाटेत अडवणारं काही नसलं की जात पसरत जाते आणि तिचं कुठलंच एक गाव राहत नाही.

कर्जत, भिगवण, बारामती, फलटण हा रस्ता लिहिण्यासारखा नाही. दोन्हीकडे ऊस होता, तेवढं पुरे. साताऱ्यात मुक्काम केला आणि सकाळी लवकर यवतेश्वरचा घाट चढून कासला पोचलो.

पठारावर पाय ठेवताच चालक म्हणाला, "हितं तर नुसता दगडच हाय की." त्याने नेमकं बोट ठेवलं. सौताड्याचा कडा आणि कासचा डोंगर दोन्ही एकाच लाव्हाचे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. फरक वरच्या थराचा आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर लाखो वर्षं कोसळलेल्या पावसाने खडकातली विरघळणारी द्रव्यं धुऊन नेली आणि लोह-ॲल्युमिनियमचा कडक थर मागे राहिला. हा जांभा. त्यावर माती जेमतेम वीतभर, काही ठिकाणी बोटभरच. पावसाळ्यात तिच्यात पाणी तुंबतं आणि मुळांना हवा मिळत नाही. एप्रिलमध्ये तोच दगड तव्यासारखा तापतो. झाडाचा इथे निभाव लागत नाही. जून ते ऑक्टोबर एवढ्यात उगवून, फुलून, बी धरून किंवा कंदात दडून मोकळं होणाऱ्यांचीच ही जागा.

गुडघ्यावर बसून भिंग लावलं तेव्हा या दारिद्र्याचा अर्थ कळला. सीतेची आसवं नावाची निळी-जांभळी फुलं ओल्या मातीत हजारोंनी उभी होती. देखणं फूल वर असतं आणि शिकार खाली चालते. मातीत दडलेल्या धाग्यांना मोहरीपेक्षाही बारीक फुगे असतात. एखादा सूक्ष्म जीव फुग्याच्या तोंडाशी आला की फुगा क्षणार्धात त्याला पाण्यासकट आत ओढून घेतो. शेजारीच दवबिंदूची पानं चिकट थेंब मिरवत होती आणि एका पानावर चिलट अडकलेलं होतं. मातीत नत्र मिळेना, म्हणून या वनस्पती मांसाहारी झाल्या. सुपीक जमिनीत त्यांना गवतानेच गाडलं असतं.

मला मात्र वायतुरा बघायचा होता. एका उथळ डबक्यात तो सापडला. पाण्यातून वर आलेला दांडा टोकाशी दुभंगून इंग्रजी वाय अक्षरासारखा झालेला, आणि दोन्ही फाट्यांवर बारीक गुलाबी-जांभळी फुलं दाटलेली. शास्त्रीय नाव ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. ती स्वतंत्र जात असल्याचं शास्त्राच्या दप्तरी १९८२ साली नोंदलं गेलं. मुख्यतः साताऱ्याच्या आसपासच्या मोजक्या पठारांवरच तो आढळतो आणि आज तो धोक्यातल्या जातींत गणला जातो.

तो इथेच का, हे डबक्याकाठी उभं राहून चहूकडे बघितलं की उमगतं. पठार संपलं की कडा, कड्याखाली दाट जंगलाची दरी, आणि दरीपलीकडे दुसरं पठार. वायतुऱ्याच्या लेखी ही दरी म्हणजे समुद्रच. बी पाण्याबरोबर कड्याखाली गेलं तरी तिथे सावली, झाडोरा, खळाळतं पाणी. त्याला हवं ते उघडं, उथळ, उन्हाळ्यात आटणारं डबकं तिथे नाही. अशी पठारं म्हणजे जमिनीवरची बेटंच. बेटावर अडकलेली जात हजारो पिढ्या आपसातच वाढते, बारीकसारीक फरक साचत जातात आणि एक दिवस ती वेगळीच जात होऊन बसते. वेगळेपणाचं मूळ पावसापेक्षा या तुटलेपणात जास्त आहे. त्यात पश्चिम घाटावर पाऊस दीर्घकाळ टिकून राहिल्याने अन्यत्र मिटलेल्या काही जुन्या जातींनाही इथे आसरा मिळाला.

याचीच दुसरी बाजू अशी की ज्याला दुसरं घर नाही त्याला जायला जागाही नाही. नॉर्मन मायर्स यांनी १९८८ मध्ये जैवविविधतेच्या संवेदनक्षेत्रांची कल्पना मांडली. पुढे ठरलेल्या निकषांत अटी दोन होत्या: त्या प्रदेशाबाहेर कुठेही न सापडणाऱ्या किमान दीड हजार वनस्पती हव्यात आणि मूळ नैसर्गिक वनस्पती-आच्छादनाचा किमान ७० टक्के भाग गमावलेला हवा. संवेदनक्षेत्र असणं आपण मात्र मान असल्यासारखं मिरवतो. पश्चिम घाट आणि श्रीलंका मिळून एक संवेदनक्षेत्र धरलं जातं, जगात अशी ३६ आहेत आणि बीड त्यांत येत नाही. चालकाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मंग आपलं बरंय म्हणायचं."

कास २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तेव्हापासून गर्दी एवढी वाढली की दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा घालावी लागली. आसपासच्या गावांच्या समित्या वनखात्यासोबत व्यवस्था बघतात. मध्यंतरी पठाराला जाळीचं कुंपण होतं. त्याने माणसं अडली तशी गुरंही अडली, आणि गुरांनी चरलं नाही तर उंच गवत बुटक्या फुलांना झाकून टाकतं, असं स्थानिकांचं म्हणणं होतं. मला ते पटतं. इथली फुलं गुराखी आणि गुरं यांच्या सोबतीनेच आजवर टिकली आहेत.

तुम्ही जाणार असाल तर सप्टेंबरात, रविवार सोडून जा. आखलेली वाट सोडू नका आणि फोटोसाठी डबक्यात उतरू नका. वायतुऱ्याचा कंद फुलं गेल्यावरही तिथल्याच चिखलात असतो, आणि पुढच्या पावसापर्यंत त्याला तीच एक जागा आहे.