शेठला पाठवलेला मेसेज

मढ जेट्टीवर जून-जुलैमध्ये गेलात तर बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या दिसतात आणि माणसं जाळ्यांत बसलेली दिसतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बाहेरच्या माणसाला वाटतं, कोळ्यांची सुट्टी आहे. खरं तर वर्षाची सगळी दुरुस्ती या ६१ दिवसांत उरकायची असते.

गेल्या जुलैच्या सुरुवातीला माझ्या मढच्या मित्राचा फोन आला. "मास्तर, येऊन जा. डोकं फिरलंय." मालाडहून २७१ पकडली आणि गेलो. मी मास्तर नाही, पण अर्ज आणि पत्रं लिहून देतो म्हणून त्याने ते नाव दिलंय.

प्रकरण असं होतं. त्याने डोल जाळ्यासाठी एका व्यापाऱ्याकडे ८० किलो जाळं सांगितलं होतं. ५०० रुपये किलो, म्हणजे ४० हजार. त्यातले २० हजार आगाऊ दिले होते. माल ५ जुलैला यायचा होता. २ जुलैला व्यापाऱ्याचा निरोप आला की माल ३० जुलैला मिळेल, आणि सूत महागल्यामुळे भाव किलोमागे ४० रुपये जास्त लागेल.

मित्राने आधी एक मेसेज पाठवला होता : "शेठ, जमलं तर थोडं लवकर पाठवा." शेठने उत्तरादाखल अंगठा दाखवला होता. त्यानंतर मित्राने रागाने बोललेला एक निरोप रेकॉर्ड करून ठेवला होता, पाठवायचा बाकी होता. तो मी ऐकला. त्यात शेठच्या बापाचाही उल्लेख होता. म्हटलं, हा राहू दे.

पहिल्या मेसेजमध्ये खोट नम्रपणाची नव्हती. "थोडं लवकर" याचा अर्थ शेठने २८ जुलै घेतला असता तरी तो खोटा ठरला नसता. तारीख नाही, कारण नाही, आणि उत्तर द्यावंच लागेल असा प्रश्नही नाही.

माझे अब्बा मालवणीत शिवणकाम करायचे. रमजानमध्ये प्रत्येक गिऱ्हाईक "अर्जंट" म्हणायचं, म्हणून अब्बा कुणाचंच अर्जंट धरत नसत. पण एखादा म्हणायचा, "चाचा, सत्ताविसाव्या रोज्याला गावची गाडी आहे, त्याआधी पाहिजे." त्याचे कपडे तयार असायचे. गाडी निघून गेली की कपड्याचा उपयोग नाही, हे अब्बांना कळायचं. विकणाऱ्यालाही कुणाचं काम आधी हातात घ्यायचं हे ठरवायला काहीतरी आधार लागतो.

म्हणून मी मित्राला विचारलं, ५ तारीखच का? तो म्हणाला, जाळं तयार येत नाही, पट्टे येतात. डोलचं तोंड मोठ्या आसाचं, शेवटाकडे आस बारीक होत जाते. हे पट्टे क्रमाने जोडायचे, दोर बांधायचे. घरची आणि रोजावरची मिळून चार माणसं धरली तर पंधरा दिवस. म्हणजे ३० जुलैला माल आला तर जाळं पाण्यात पडणार ऑगस्टच्या मध्यानंतर, हंगाम उघडल्यावरचे पहिले दिवस हातचे जाणार.

मग विचारलं, सगळा माल एकदम लागतो का? तो थांबला. वहिनी आतून म्हणाल्या, "सगळा कशाला? तोंडाकडचा आधी आला तर आम्ही कामाला लागू. बारीक आसाचा नंतर चालेल." तोडगा घरातच होता.

लिहिण्याआधी आणखी एक काम केलं. दुसऱ्या व्यापाऱ्याला फोन लावला. त्याच्याकडे ५६० रुपये किलोने दहा दिवसांत माल मिळत होता. महाग होता, पण होता. ही गोष्ट मेसेजमध्ये लिहायची नाही, असं मी मित्राला बजावलं. समोरच्याने नकार दिला तर आपण काय करणार, हे आपल्याला ठाऊक असलं की आवाज चढवावा लागत नाही. धमकी म्हणून लिहिलं असतं तर शेठ म्हणाला असता, जा तिकडेच. आणि २० हजार त्याच्याकडे अडकलेले होते.

पुढचा निर्णय मित्राने घ्यायचा होता : तारीख आणि भाव यांपैकी घट्ट काय धरायचं? दोन्ही ताणले असते तर शेठने दोन्ही सोडले असते. मित्र म्हणाला, "तारीख." मग भावात थोडं ढिलं सोडलं, पण हिशेबाने. २० हजार आगाऊ म्हणजे ४० किलोचे पैसे आधीच पोचले होते, त्यावर वाढ कशाची? उरलेल्या ४० किलोंवर निम्मी वाढ, किलोमागे २० रुपये, म्हणजे ८०० रुपये. शेठ ३,२०० मागत होता. मेसेज असा गेला :

"शेठ, रामराम. आपल्याकडून इतकी वर्षं माल घेतो, पुढेही घ्यायचा आहे. ठरल्याप्रमाणे माल ५ जुलैला यायचा होता. जाळं जोडायला १५ दिवस लागतात आणि १ ऑगस्टला बोट जाणार, त्यामुळे ३० जुलै मला चालणार नाही. आपली अडचण समजतो. मोठ्या आसाचे पट्टे ८ जुलैला आणि बारीक आसाचे १८ जुलैला द्या. आगाऊ दिलेल्या २० हजारांचा माल ५०० नेच धरा. उरलेल्या ४० किलोला ५२० देतो, दोन्ही तारखा पाळल्या तर. नाहीतर जुनाच भाव. जमेल की नाही, उद्या संध्याकाळपर्यंत कळवा, म्हणजे मला पुढचं बघता येईल."

शेठचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारीच आला. थोडी कुरकुर केली आणि कबूल झाला. मित्राने लगेच दोन ओळींत ते लिहून पाठवलं आणि शेठचं "हो" घेतलं. सूरह बकराच्या २८२व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितलंय. लिहिणं म्हणजे अविश्वास, असं आपल्याकडे उगाच समजतात. पुढे आठवणींवरून भांडण होऊ नये, म्हणून लिहायचं.

८ तारखेला पहिला माल आला. १७ ला शेठने कळवलं की दुसरा दोन दिवस उशिरा येईल, आणि तो २० ला आला. मित्र म्हणाला, आता गप्प बसू का? गप्प बसू नये. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ५५ सांगतं की, वेळ हाच कराराचा गाभा असेल आणि उशिरा आलेला माल तुम्ही काही न बोलता घेतलात, तर त्या उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही. भरपाई मागणार असल्याचं घेतानाच कळवावं लागतं. दोन दिवसांसाठी कोर्टात कोण जातो? पण सवय बरी. मित्राने लिहिलं : "माल मिळाला. दोन दिवस उशीर झाला, ठरल्याप्रमाणे ८०० रुपये लागू नाहीत. पण आपण आधी कळवलंत, म्हणून ४०० देतो." शेठने ते घेतले आणि दोर बांधायच्या सुताची एक गुंडी फुकट पाठवली.

हे दर वेळी जमेल असं नाही. शेठला पुढच्या वर्षीही मढची गिऱ्हाइकं हवी होती, म्हणून जमलं. दुसरा व्यापारी नसता, तर मित्राला ३० तारखेवरच यावं लागलं असतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वहिनींनी ओले बोंबील पाठवले. पिशवीत चिठ्ठी होती : "मास्तर, आता बर्फवाल्याला पण एक मेसेज लिहा."